कानावर पडलेला इंग्रजी शब्द डिक्शनरीत कसा गाठायचा

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. आता जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. राउंडला डॉक्टर बोलतात ते शब्द मी पटापट मराठीतच लिहून घेते आणि रात्री होस्टेलवर डिक्शनरी उघडते. सोरायसिस एसमध्ये सापडत नाही, इडिमा ईमध्ये नाही, झायफॉइड झेडमध्ये नाही. स्पेलिंग येत असतं तर डिक्शनरी कशाला लागली असती? वॉर्डात मोबाइल चालत नाही आणि सारखं विचारलं की सिस्टर चिडतात. नुसत्या उच्चारावरून शब्द काढायची काही रीत आहे का?

उत्तर:

रीत आहे. मी लातूरला शॉर्टहँड शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं दवाखान्यातल्या साहेबांची डिक्टेशनं घेऊन डिस्चार्ज कार्डं आणि मेडिको-लीगल रिपोर्ट टाइप करत होतो. आयझॅक पिटमननं 1837 साली काढलेली लघुलिपी पूर्ण ध्वनीवर चालते. स्टेनो स्पेलिंग लिहीतच नाही, कानाला आलं ते लिहितो. आधी व्यंजनांच्या रेघा ओढायच्या आणि स्वरांची टिंबं मागाहून, तीही सवड मिळाली तर. मग टाइप करायला बसला की त्याच्यासमोर नेमका तुमचाच पेच असतो: आवाज हातात आहे, अक्षरं नाहीत. त्यामुळे आमच्या धंद्यात ही शोधाशोध रोजची.

तिचं मर्म एवढंच की कानाला आलेल्या शब्दातली व्यंजनं भरवशाची धरायची आणि स्वर कच्चे धरायचे. पहिल्या आवाजाला इंग्रजीत किती दारं असू शकतात ती मोजायची आणि एकेक दार ठोठावत जायचं. दारं पुष्कळ नसतात. बहुतेक आवाजांना दोन-तीन, फार तर चार. अडचण अशी होते की आपण पहिलंच दार बंद दिसल्यावर डिक्शनरी मिटून टाकतो.

आधी तुमच्या वहीबद्दल सांगतो. शब्द देवनागरीत लिहून घेता हे चांगलंच आहे, ते बदलू नका. घाईत ठोकलेल्या चुकीच्या इंग्रजी स्पेलिंगपेक्षा देवनागरीतला उच्चार शंभर पटीनं कामाचा, कारण चुकीचं स्पेलिंग एकदा डोळ्यात बसलं की कान त्याच्याच मागं जातो. फक्त दोन-तीन खुणा वाढवा. देवनागरीत काही आवाज एकाच अक्षरात दडतात. ‘जग’मधला ज आणि ‘जाळं’मधला ज आपण सारखाच लिहितो, इंग्रजीत मात्र त्या दोन आवाजांचे रस्ते वेगळे होतात. दाताजवळचा, झेडसारखा आवाज ऐकू आला की अक्षराखाली रेघ मारा. व ऐकला तर व्ही आणि डब्ल्यू दोन्ही शक्यता उघड्या ठेवा, आपल्या कानाला तो फरक सहसा पकडता येत नाही. शब्दात जोर कुठं पडला तेही टिपा. आणि शब्दाशेजारी पेशंटला काय होतं ते दोन शब्दांत लिहाच: ‘कोपरावर खवले’, ‘पाय सुजलेत’. याचा उपयोग शेवटी होतो आणि तो सगळ्यात मोठा असतो.

आणखी एक, आपल्याकडच्या बोलीपुरतं. खेड्यातून आलेले नातेवाईक आणि कधीकधी वॉर्डबॉयसुद्धा ‘इस्टूल’, ‘इस्कॅन’, ‘इस्पेशल’ म्हणतात. स आणि त्याला जोडून दुसरं व्यंजन आलं की पुढं एक इ लावायची ही सवय दख्खनी-हिंदीच्या शेजारानं आपल्याकडे मुरलेली आहे. असा शब्द आय किंवा ईमध्ये शोधू नका. पुढची इ खोडा आणि थेट एसमध्ये जा.

आता तुमचा सोरायसिस घेऊ. सांगाडा काढला तर स-र-स-स. पहिला आवाज स. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला स येतो तो चार दारांतून: नुसता एस, सी, एस-सी आणि पी-एस. चारही चाळायची गरज नाही, कारण पुढचा स्वर काही दारं आपोआप बंद करतो. सीचा उच्चार स होतो तो पुढं ई, आय किंवा वाय असेल तरच. ए, ओ, यू आला की त्याचा क होतो. एस-सीचंही तसंच, पुढं ओ आला की तो स्क वाचला जाणार. तुम्ही ऐकलंय ‘सो’. म्हणजे सी बाद, एस-सी बाद. उरले एस आणि पी-एस.

एस-ओ-आर उघडा. सॉर्घम लागतो, म्हणजे आपली ज्वारी, आणि थोडं पुढं सरॉरिटी. एस-ओ-आर-आय असतं तर या दोघांच्या मधे कुठंतरी बसलं असतं. तिथं त्वचेचा काही आजार नाही. इथं थांबायचं नाही, दार बदलायचं. पी-एस-ओ उघडा. तिथं इतके कमी शब्द आहेत की बोट न फिरवताही `psoriasis` दिसेल. आता पडताळा: व्यंजनं पी सोडून स-र-स-स, तंतोतंत. अर्थ त्वचेवर खवले येणारा दीर्घ आजार, तुमच्या वहीतल्या ‘कोपरावर खवले’शी जुळला. संपलं.

एक बारकी गोष्ट. डिक्शनरीतल्या स्पीकरच्या खुणेवर हा शब्द ऐकलात तर ‘सरायसिस’ असं काहीतरी ऐकू येईल, ओ जवळजवळ गिळलेला. आपले डॉक्टर मात्र स्वच्छ ‘सो’ म्हणतात, कारण आपण इंग्रजी मुख्यतः पुस्तकातून शिकतो आणि स्पेलिंगला धरून बोलतो. लोक या उच्चारांना नावं ठेवतात, पण डिक्शनरी शोधणाऱ्याला ते वरदान आहे. भारतीय डॉक्टरांच्या तोंडून शब्द ऐकला असेल तर त्यातला ओ बहुतेक वेळा ओच निघतो. परदेशी व्हिडिओतून ऐकला असेल, तर जोर नसलेला कुठलाही स्वर पाच अक्षरांपैकी काहीही असू शकतो असं धरून चाला.

ताडून पाहायला ‘सायाटिका’ घ्या, कंबरेतून पायात उतरणारी कळ. इथं स नंतर आय आहे, म्हणून सीचं दार बंद होत नाही. ‘साय’साठी एस, सी, एस-सी, पी-एस ही चारही दारं उघडी, आणि प्रत्येकात पुढं आय किंवा वाय. म्हणजे आठ जागा. ऐकायला जड वाटतं, पण प्रत्येक जागी तिसरं-चौथं अक्षर धरून बघायचं असतं, पानभर वाचायचं नसतं. एस-सी-आयपाशी `sciatica` भेटतो.

बाकीच्या आवाजांची दारंही अशीच काढायची. वॉर्डात सारखे लागणारे तेवढे सांगतो. न साठी एन, के-एन, पी-एन. र साठी आर, डब्ल्यू-आर, आर-एच. फ साठी एफ आणि पी-एच. क साठी सी, के, सी-एच, शिवाय क्व ऐकला तर क्यू. ट साठी टी, आणि क्वचित पी-टी. यातलं कुठलं आधी उघडायचं, याला एक अंदाज आहे आणि तो बऱ्यापैकी चालतो. शब्द रोजच्या इंग्रजीतला, शरीराच्या अवयवाचा वगैरे असेल तर जुनी इंग्रजी दारं आधी: गुडघा `knee`, मनगट `wrist`. शब्द आजाराचा, तपासणीचा किंवा शास्त्राचा असेल तर तो बहुधा ग्रीकातून आलेला असतो आणि मग ग्रीक दारं आधी: न्यूमोनिया `pneumonia`, रूमॅटिझम `rheumatism`, कॉलरा `cholera`, पापणी खाली पडते तो टोसिस `ptosis`. ग्रीक शब्दांच्या पोटात फ आला तर पी-एच आणि ‘आय’ किंवा ‘इ’ आली तर वाय, हेही आधी तपासावं. पाठीला कुबड येतं तो कायफोसिस पाहा, `kyphosis`. पहिला क केचाच का? पुढं वाय आहे, सी लावला असता तर त्याचा स झाला असता. हा एकच नियम नीट हाडीमाशी मुरवला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

हा अंदाज आहे, कायदा नाही. मांडीचं हाड फीमर शास्त्रीयच शब्द, पण तो लॅटिनमधून आलाय, म्हणून एफनं सुरू होतो. फ्रॅक्चर आणि फिश्चुलाचंही तेच. ग्रीक दार बंद दिसलं तर साध्या दाराकडे परत फिरायचं.

आता झायफॉइड. झेड पाहिलंत ते बरोबरच केलंत, गालाच्या हाडाचा ‘झायगोमॅटिक’ तिथंच सापडतो, `zygomatic`. पण सुरुवातीच्या झ ला दुसरंही दार आहे आणि ते तुम्ही रोज बघता. बसस्टँडपासून तहसीलपर्यंत प्रत्येक कोपऱ्यावर झेरॉक्सच्या पाट्या आहेत, त्यांवरचं पहिलं अक्षर आठवा. इंग्रजीत शब्दाच्या तोंडाशी एक्स आला की त्याचा उच्चार झ होतो. छातीच्या पिंजऱ्याच्या खालचं ते टोक `xiphoid`, आणि भूल द्यायला वापरतात त्या झायलोकेनच्या बाटलीवरही एक्सच सापडेल. एक्सचा विभाग बहुतेक डिक्शनऱ्यांत पान-दोन पानांचा असतो, म्हणून झ ऐकला की मी आधी एक्सच चाळून टाकतो, मग झेडकडे जातो. मात्र साध्या, शाळेच्या डिक्शनरीत झायफॉइड मुळातच नसेल. सगळी दारं ठोठावून शब्द मिळत नसेल तर दोष नेहमी स्पेलिंगचाच असतो असं नाही, पुस्तक लहान असू शकतं. नर्सिंगसाठी खिशातली मेडिकल डिक्शनरी वेगळी घ्या.

इडिमाची गोष्ट निराळी. इथं दार आवाजावरून ठरत नाही, पुस्तक कुठल्या देशाचं आहे त्यावर ठरतं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ग्रीकातून आलेले ओ-ई आणि ए-ई हे जोड तसेच ठेवलेत, अमेरिकन स्पेलिंगनं त्यातला पहिला स्वर टाकून दिला. सूज ब्रिटिश पुस्तकात `oedema`, अमेरिकन पुस्तकात `edema`. तुमची डिक्शनरी ब्रिटिश असणार, म्हणून ई उघडून काही मिळालं नाही. अन्ननलिका तशीच, `oesophagus` आणि `esophagus`. आजाराचं मूळ कारण, इटिऑलॉजी, ब्रिटिश पुस्तकात ए-ईनं सुरू होतं. शब्द सुरुवातीला बदलला की डिक्शनरीत तो थेट दुसऱ्या टोकाला जातो, म्हणून याचा फटका मोठा बसतो. मधे बदलला तर तेवढं बिघडत नाही: ॲनिमिया `anaemia` असो की `anemia`, पहिली दोन अक्षरं तीच, तुम्ही जवळपास पोचताच. तेव्हा इ किंवा ई नं सुरू होणारा वैद्यकीय शब्द मिळेना, तर ओ-ई आणि ए-ई ही दोन पानं उघडून बघायचीच. सीझर म्हणतो त्या ऑपरेशनलाही हे लागू आहे, ब्रिटिश पुस्तकात `caesarean` सी-एमध्ये सापडतो, एसमध्ये नाही आणि सी-ईमध्येही नाही; ए-ई हा जोड असला की सीपुढं ए येऊनही त्याचा स होतो. आपल्या दवाखान्यांत दोन्ही स्पेलिंगं सरमिसळ चालतात, एका केस पेपरवर दोन्ही दिसली तरी गोंधळू नका. तुमच्या परीक्षेला मात्र एकच पद्धत धरून लिहा.

याच घरातला आणखी एक त्रास म्हणजे हेमरेज आणि डायरिया. दोन्हींत र ऐकू येतो एकदा, लिहितात डबल आर आणि पुढं एच: `haemorrhage`, `diarrhoea`. वाहण्या-फुटण्याशी संबंधित ग्रीक शब्दांचा शेपटाकडचा तुकडा असा असतो. हा एक तुकडा डोळ्यात बसवा, पुढं शिवणकामाच्या ‘-राफी’तही तोच भेटेल.

मधल्या स्वरांनी किती अडतं? खरं तर कमी. पहिली तीन-चार अक्षरं बरोबर लागली की पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द बघायचे, त्या पानाचा पहिला आणि शेवटचा शब्द तिथं छापलेला असतो, आणि मग सांगाड्यातली व्यंजनं डोळ्यासमोर ठेवून रकाना वरून खाली उतरायचा. तरी अडलंच, तर त्या शब्दाच्या नातलगाला बोलवा. इंग्रजीत ज्या स्वरावर जोर नसतो तो पुसट होतो, पण त्याच घरातल्या दुसऱ्या शब्दात जोर सरकतो आणि तोच स्वर स्पष्ट ऐकू येतो. `anatomy` नीट म्हटला तर ‘अनॅटमी’, म्हणजे पहिला आणि तिसरा स्वर दोन्ही पुसट. आता `anatomical` म्हणा: ‘ॲनटॉमिकल’. पहिला स्वर ॲ, म्हणून ए, आणि ‘टॉ’ कानावर आला, म्हणजे तिथं ओ. दोन्ही कोडी एका शब्दात सुटली.

शब्द सापडल्यावरचं काम मी सगळ्यात महत्त्वाचं धरतो, आणि माझ्याकडे शिकणारी मुलं नेमकं तेच टाळतात. सारख्या आवाजाचा भलताच शब्द सापडू शकतो. ‘इलियम’ ऐकलात, डिक्शनरीत `ileum` मिळाला, खूश झालात. तो लहान आतड्याचा शेवटचा भाग. पण `ilium` नावाचं कंबरेचं हाडही आहे आणि दोन्हींचा उच्चार एकच. इथं कान काहीच सांगत नाही, पेशंट सांगतो: पोट दुखतंय की कंबर मोडलीय? शेजारी लिहिलेले ते दोन शब्द कामाला येतात ते इथंच. याहून फसवी जोडी म्हणजे डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. `dysphagia` म्हणजे गिळायला त्रास, `dysphasia` म्हणजे बोलण्यात अडखळ. मेंदूच्या झटक्याच्या एकाच पेशंटला दोन्ही असू शकतात, त्यामुळे अर्थावरूनही नक्की होत नाही. ज खालची ती रेघ मी एवढ्याचसाठी मारायला सांगितली. आणि रेघ मारायची राहिली असेल तर इथं अंदाज बांधू नका. गिळता येत नाही त्याला तोंडानं द्यायचं की नळीनं, हे त्या एका शब्दावर ठरतं. सिस्टर चिडल्या तरी चिडू द्या, जाऊन विचारा: “बोलायला त्रास की गिळायला?” असा नेमका प्रश्न घेऊन गेलात तर त्या सहसा चिडतही नाहीत. त्यांना वैताग येतो तो “काय म्हणाले साहेब?” याचा.

होस्टेलवर मोबाइल असतोच, तर वनलुक नावाच्या साइटवर एक सोय आहे. शब्दाचा माहीत नसलेला भाग खुणेनं भरायचा. तारा म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच अक्षर. पहिलं दारच कळत नसेल तेव्हा असं टाकायचं:

```
*sor*sis
?edema
```

पहिल्यातून सोरायसिस निघतो, दुसऱ्यातून ब्रिटिश इडिमा. यादी लांब आली तर एखादं व्यंजन वाढवा. गुगलच्या खिडकीत उच्चाराप्रमाणे स्पेलिंग टाकून शेजारी आजाराचा एक शब्द घातला, `soriasis skin` असा, तरी तो बहुतेक वेळा दुरुस्त करून देतो. मात्र तो जास्त शोधला जाणारा शब्द पुढं करतो, इलियमसारख्या जोडीत तुमचा कुठला हे त्याला माहीत नसतं.

सापडलेले शब्द उतरवायची वही इंग्रजी अक्षरक्रमानं लावू नका, ती सोय डिक्शनरीत आहेच. आपल्या अ-आ-इ, क-ख-गच्या क्रमानं, उच्चारावर लावा. स च्या पानावर सोरायसिस, सायाटिका, सीझेरियन एकाखाली एक, समोर स्पेलिंग. इ च्या पानावर इडिमा आणि इसोफॅगस. दोन-तीन महिन्यांत त्या पानांवरूनच कळायला लागतं की वॉर्डातला स कुठल्या दारानं जास्त येतो, आणि नवा शब्द ऐकल्यावर हात आपोआप तिथं जातो.

हे सगळं आजार, अवयव, तपासण्या यांच्यापुरतं. औषधांच्या नावांना ही रीत लावायची नाही. कंपन्यांनी ठेवलेली नावं साध्या डिक्शनरीत नसतात, आणि एका अक्षराच्या फरकानं वेगळंच औषध निघतं. औषधाचं नाव कानावरून लिहायचं नाही, स्ट्रिप किंवा व्हायल हातात घेऊन त्यावरून उतरवायचं.